ग्रुप म्यूट केला, तरी फोन का वाजतो?

संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. बारावी विज्ञान शाखेतल्या नऊ जणांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप डोळ्यांसमोर आणा. फिजिक्सचा पेपर सहा दिवसांवर आहे. ग्रुपमधली एक मुलगी रोटेशनल डायनॅमिक्समधलं, वळणावर उतार दिलेल्या रस्त्याचं गणित सोडवते आहे. आकृती काढून झाली, बलांचे घटक पाडून झाले, आता दोन समीकरणांचा भागाकार करायचा तेवढ्यात फोन थरथरतो. कुणीतरी विचारलंय, "केमिस्ट्रीला पॉलिमर्स किती मार्कांना आहे?" दुसरा म्हणतो चार, तिसरा म्हणतो पाच. चौथी गुणविभागणीचा फोटो टाकते. पाचवा म्हणतो, फोटो नीट दिसत नाही. मग नवा फोटो, मग तीन अंगठे, दोन 'थँक्स', आणि "कोण कोण जागं राहणार आज?" असा एक प्रश्न. या सगळ्याच्या मधोमध एक कामाचा मेसेज येऊन जातो: हॉलतिकिटावरच्या सहीसाठी उद्या दहा वाजता कॉलेजच्या ऑफिसात यायचं आहे. तो वर ढकलला जातो आणि निम्म्या जणांना दिसतच नाही.

ग्रुप वाईट नाही, त्यातली मुलंही टवाळ नाहीत. सगळे अभ्यासाचंच बोलत आहेत, आणि म्हणूनच फोन बाजूला ठेवणं अवघड जातं. रील्स बघताना निदान आपण वेळ घालवतोय हे कळतं. अभ्यासाच्या ग्रुपमध्ये ते कळत नाही.

त्यामुळे आधी मोजून बघावं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'Digital Wellbeing' असतं. दिवसभरात फोन किती वेळा उघडला आणि कुठल्या अॅपची किती नोटिफिकेशन्स आली, हे तिथे दिसतं. आयफोनमध्ये हीच माहिती 'Screen Time' मध्ये मिळते. तीन दिवस काहीही न बदलता रोज रात्री हे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. 'अॅपवर घालवलेला वेळ' या आकड्यावर फार विसंबू नये, कारण प्रत्येक मेसेज बघायला पंधरा-वीस सेकंदच लागतात आणि बेरीज किरकोळ वाटते. खरा आकडा फोन किती वेळा उचलला, हा. भागाकाराच्या उंबरठ्यावर थांबलेलं ते गणित पुन्हा पहिल्या आकृतीपासून वाचावं लागतं, आणि तो वेळ कुठल्याच अॅपच्या खात्यात नोंदला जात नाही.

फोन हातात न घेताही नुकसान होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाग्रता लागणारं काम करत असताना काही जणांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज येऊ दिले. त्यांनी फोनला हातही लावला नाही, तरी नुसत्या सूचनेनंतर त्यांच्या चुका वाढल्या. 'मी वाजलेलं ऐकते, पण उघडत नाही' हा उपाय म्हणूनच पुरत नाही. वाजणंच थांबायला हवं.

सर्वांना माहीत असलेला पहिला उपाय म्हणजे म्यूट. ग्रुप उघडून वरच्या नावावर टॅप केलं की 'Mute notifications' मिळतं, आणि त्यात तीन पर्याय असतात: आठ तास, एक आठवडा आणि नेहमीसाठी. बहुतेक मुलं आठ तास निवडतात, कारण ते सौम्य वाटतं. पण संध्याकाळी सहाला म्यूट केलेला ग्रुप रात्री दोनला पुन्हा बोलका होतो, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनला जागे असणारे मित्र भरपूर असतात. आठवड्याचा पर्याय नेमका दोन पेपरांच्या मध्ये कुठेतरी संपतो आणि तो संपल्याचं लक्षातही येत नाही. परीक्षा महिनाभर चालणार असेल तर 'Always' हाच पर्याय सोयीचा. तो आपण काढेपर्यंत टिकतो, त्यामुळे रोज नव्याने ठरवावं लागत नाही.

तरीही फोन वाजतो. इथेच अनेक जण वैतागून "म्यूट चालतच नाही" म्हणतात आणि नाद सोडून देतात.

म्यूट चालतं, पण त्याला दोन भोकं आहेत. ग्रुपमध्ये कुणी @ लावून तुमचं नाव घेतलं, किंवा तुमच्या एखाद्या मेसेजला धरून उत्तर दिलं, तर म्यूट असूनही सूचना येते. ग्रुप 'Archive' करून यादीतून बाजूला काढला तरी हा नियम तसाच राहतो. याचा परिणाम ग्रुपमधल्या सगळ्यांवर सारखा होत नाही. जी मुलगी इतरांच्या शंका सोडवते, जिच्या उत्तराखाली "हे स्टेप तीन कसं आलं?" म्हणून चार जण विचारतात, तिच्या फोनवर ते चारही प्रश्न येतात. आणि 'हिला विचारू' म्हणून टॅगही तिलाच होतो. नुसतं वाचणाऱ्याचा फोन गप्प असतो आणि समजावून सांगणारीचा वाजत राहतो. ग्रुपमधल्या हुशार आणि मनमिळाऊ मुलामुलींचा वेळ सगळ्यात आधी खर्ची पडतो, तो असा.

म्हणून म्यूटच्या वर फोनच्या पातळीवरचं एक झाकण लागतं. अँड्रॉइडवर Digital Wellbeing मध्येच 'Focus mode' असतो. काही कंपन्यांच्या फोनवर नाव किंवा जागा थोडी वेगळी असते, पण सेटिंग्जच्या शोधपट्टीत focus लिहिलं की बहुधा सापडतो. त्यात व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, इन्स्टाग्राम अशी अॅप्स निवडायची आणि वार व वेळ लावून द्यायची. त्या वेळात या अॅप्सचे आयकॉन करडे होतात, ती उघडत नाहीत, आणि त्यांची नोटिफिकेशन्स वेळ संपेपर्यंत अडवून ठेवली जातात. टॅग असो वा उत्तर, काहीच पलीकडून येत नाही. मेसेज हरवत नाहीत, ते अॅपमध्ये थांबलेले असतात. मुख्य म्हणजे साधे फोन कॉल आणि पहाटेचा गजर नेहमीसारखे वाजतात. घरच्यांना "फोन का लागत नाही?" म्हणून घाबरायचं कारण उरत नाही. फक्त बाबा किंवा ताई व्हॉट्सअॅपवरूनच कॉल करत असतील, तर या वेळात साध्या नंबरवर लावा असं त्यांना आधी सांगून ठेवावं.

आयफोनवरचा 'Focus' जरा वेगळा आहे. तो अॅप बंद करत नाही, सूचना अडवतो आणि त्याबरोबर कॉलही अडवतो. म्हणून तो लावताना आई-बाबांचे नंबर परवानगी दिलेल्या लोकांच्या यादीत घालायलाच हवेत. 'Allow Repeated Calls' हा पर्यायही चालू असावा. एकाच माणसाने तीन मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. घरातल्या सगळ्यांना ही गोष्ट माहीत असली की तातडीच्या वेळी ते लागोपाठ दोनदा फोन करतात.

दोन्हीकडे लावून झाल्यावर तपासणी करावी, आणि ती घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरून. आधी साधा कॉल, मग व्हॉट्सअॅपवर मेसेज, मग ग्रुपमध्ये टॅग. कॉल वाजला आणि बाकीचे दोन गप्प राहिले तर जमलं. दोन मिनिटांनंतरचा गजरही लावून बघावा. ज्यांनी Focus ऐवजी 'Do Not Disturb' वापरला आहे त्यांनी तर नक्कीच, कारण त्यातला पूर्ण शांततेचा पर्याय चुकून निवडला तर काही फोनवर गजरही वाजत नाही, आणि हे पेपरच्या दिवशी सकाळी कळू नये. लॅपटॉपवर व्हॉट्सअॅप वेब उघडं ठेवून पीडीएफ वाचणाऱ्यांनी तिथल्या ब्राउझरची नोटिफिकेशन्स वेगळी बंद करावीत. फोन गप्प आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात मेसेजची पट्टी, अशी स्थिती बऱ्याच अभ्यासिकांमध्ये दिसते.

आता प्रश्न असा की हे झाकण किती वेळ ठेवायचं. परीक्षा संपेपर्यंत व्हॉट्सअॅपच काढून टाकण्याचा निश्चय अनेक घरांत होतो, बऱ्याचदा पालकांच्या आग्रहावरून. तो टिकत नाही आणि त्यामागे कारण आहे. निकोलस फिट्झ, कोस्तादिन कुश्लेव आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांच्या नोटिफिकेशन्स वेगवेगळ्या पद्धतीने पोचवून पाहिल्या. ज्यांना त्या दिवसातून ठरलेल्या तीन वेळांना एकगठ्ठा मिळाल्या, त्यांना लक्ष अधिक लागल्याचं आणि मन निवांत असल्याचं जाणवलं. ज्यांच्या पूर्ण बंद होत्या, त्यांची मात्र आपल्याला काहीतरी कळायचं राहून जातंय ही धास्ती वाढली. बारावीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही धास्ती निराधारही नसते. हॉलतिकिटाची सूचना खरोखरच ग्रुपवर आलेली असते.

तेव्हा दिवसातून तीन खिडक्या ठेवाव्यात. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीचा दिवस घेऊन बघू. प्रिलिम संपली आहे, कॉलेजला सुट्टी आहे. तिचा Focus सकाळी सात ते दीड, दुपारी पावणेदोन ते सहा आणि संध्याकाळी सव्वासहा ते सव्वानऊ असा लागतो. मधल्या दोन पाव तासांत आणि रात्री सव्वानऊ ते साडेनऊ ती ग्रुप बघते. साडेनऊनंतर पुन्हा Focus, थेट सकाळपर्यंत. म्हणजे दिवसाची पंचेचाळीस मिनिटं ग्रुपला मिळतात, आणि हा वेळ काही थोडा नाही.

पंधरा मिनिटांच्या खिडकीत दोनशे न वाचलेले मेसेज वरून खाली वाचत बसलं तर मात्र खिडकी तिथेच संपते. बघण्याचा क्रम ठरवून ठेवावा लागतो. सगळ्यात आधी वर पिन केलेला मेसेज, कारण सूचना तिथे असते. मग आपल्याला टॅग झालेले मेसेज. ग्रुप उघडल्यावर उजवीकडे खालच्या बाजूला @ चं चिन्ह येतं, त्यावर टॅप केलं की थेट त्या मेसेजवर जाता येतं. मग आपल्या शंका. बाकीचं सगळं सोडून द्यायचं, आणि काही चुकलं असं वाटलं तर ग्रुपमधल्या शोधात 'हॉलतिकीट' किंवा 'वेळापत्रक' असा शब्द टाकून बघायचा.

शंका विचारण्याचीही एक पद्धत लावून घेता येते. अभ्यास करताना जिथे अडलं ते फोनवर न टाकता वहीत लिहायचं: धडा, गणिताचा क्रमांक आणि कुठल्या पायरीवर अडलं. "बँक्ड रोडचं कुणाला जमलं का?" असं विचारलं की आधी "कुठलं?" असं उत्तर येतं आणि तिथून दहा मेसेजची वरात निघते. "रोटेशनल डायनॅमिक्स, स्वाध्यायातलं अमुक गणित, घर्षण धरल्यावर दुसऱ्या समीकरणात चिन्ह उणे का?" असं लिहून, स्वतः केलेल्या पायऱ्यांचा फोटो जोडला की एकाच मेसेजमध्ये उत्तर मिळू शकतं. गंमत म्हणजे वहीत लिहिलेल्या शंकांपैकी काही खिडकी उघडेपर्यंत आपल्याआपणच सुटलेल्या असतात.

एवढं झालं तरी हे अर्धंच काम आहे. प्रत्येकाने आपला फोन बंद केला आणि ग्रुप तसाच वाहत राहिला, तर खिडकी उघडल्यावर समोर पूर येतो. दुसरं अर्धं काम अॅडमिनचं.

नऊ जणांच्या ग्रुपला सगळ्यात उपयोगी पडणारा बदल म्हणजे ग्रुपचे दोन ग्रुप करणं. एक फक्त सूचनांचा, दुसरा शंकांचा. सूचनांच्या ग्रुपमध्ये 'Group permissions' मध्ये जाऊन 'Send new messages' बंद केलं की फक्त अॅडमिन लिहू शकतात. हा ग्रुप कुणी म्यूट करायचा नाही, कारण त्यात दिवसाला एक-दोनच मेसेज येतात. शंकांचा ग्रुप सगळ्यांनी 'Always' वर म्यूट करून अर्काइव्ह करायचा. अर्काइव्ह केलेला ग्रुप नवा मेसेज आला की उसळी मारून पुन्हा वर येऊ नये, यासाठी चॅटच्या सेटिंग्जमध्ये 'Keep chats archived' चालू आहे ना, हे बघून घ्यावं.

अभ्यासाच्या वेळात शंकांच्या ग्रुपमध्येही 'Send new messages' बंद ठेवावं का? काही ग्रुप तसं करतात आणि आठवड्याभरात सोडून देतात. व्हॉट्सअॅपमध्ये ही परवानगी वेळ लावून आपोआप चालू-बंद होत नाही. अॅडमिनला रोज सव्वासहाला फोन हातात घेऊन बंद करावं लागतं आणि सव्वानऊला उघडावं लागतं. म्हणजे इतरांचा वेळ वाचवण्यासाठी एकाचा जातो, आणि तो नेमका सगळ्यांची काळजी करणारा असतो. ते ओझं कुणा एकावर टाकू नये. पेपरच्या आदल्या दिवशी मात्र हे जरूर करावं. संध्याकाळी एकदा बंद करायचं आणि पेपर संपल्यावर उघडायचं. टेलिग्रामवरचा ग्रुप असेल तर तिथे 'Slow mode' आहे. एका सदस्याने एक मेसेज टाकल्यावर पुढचा टाकायला किती थांबायचं, हे काही सेकंदांपासून एक तासापर्यंत ठरवता येतं. तासावर ठेवलं की 'थँक्स' म्हणून कुणी आपला मेसेज वाया घालवत नाही, शंका नीट जुळवूनच लिहितात.

सूचनांच्या ग्रुपमध्ये पिनचा वापर करावा. व्हॉट्सअॅपवर मेसेज चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस पिन करता येतो आणि एका वेळी तीन मेसेज वर ठेवता येतात. वेळापत्रकाला तीस दिवस द्यावेत, हॉलतिकिटासारख्या गोष्टीला चोवीस तास. काम झालेली पिन लगेच काढावी, नाहीतर सगळ्यांची नजर तिच्यावरून घसरायला लागते आणि नवी पिनही दिसेनाशी होते. 'हो', 'ओके', 'कळलं' लिहिण्याऐवजी मेसेजवर अंगठ्याची प्रतिक्रिया द्यायची असं ठरवलं तर नव्वद टक्के शांतता तिथेच मिळेल असं वाटतं, पण मूळ मेसेज लिहिणाऱ्याला त्या प्रतिक्रियांचीही सूचना जाते. त्याने नोटिफिकेशन्सच्या सेटिंग्जमध्ये 'Reaction notifications' बंद करून टाकावं.

हे सगळं ग्रुपवरच चर्चा करून ठरवू नये. त्यात एक संध्याकाळ जाते. क्लासमध्ये किंवा अभ्यासिकेत समोरासमोर दहा मिनिटं बसून खिडक्यांच्या वेळा सगळ्यांनी सारख्याच ठेवाव्यात. वेळा सारख्या असल्या की रात्री सव्वानऊला विचारलेल्या शंकेला साडेनऊच्या आत उत्तर मिळतं, कारण तेव्हा सगळे तिथेच असतात. वेळा वेगवेगळ्या असल्या की प्रत्येक उत्तर पुढच्या खिडकीवर जातं, मुलं अस्वस्थ होतात आणि दोन दिवसांत Focus काढून टाकतात. शिस्त मोडली असं वाटतं, पण मोडलेलं असतं ते वेळापत्रक.

अनेक घरांत विद्यार्थ्याचा स्वतःचा फोन नसतो. क्लासचा ग्रुप आईच्या फोनवर असतो. तिथे Focus लावला तर आईची कामं अडतात, आणि न लावला तर आई प्रत्येक मेसेजला "अगं, ग्रुपवर काय आलंय बघ" म्हणून हाक मारते, काळजीपोटीच. अशा घरात शंकांचा ग्रुप आईच्या फोनवर म्यूट आणि अर्काइव्ह करावा. सूचनांचा ग्रुप आईने वाचावा आणि कामाचं असेल ते फ्रिजवर चिठ्ठी लावून कळवावं. खिडकीच्या वेळी फोन पंधरा मिनिटं मागून घ्यायचा.

पेपरांच्या मधले दिवस आणि पेपरची आदली रात्र यांचा विचार वेगळा करावा लागतो. पेपर संपल्यावर तासाभरात ग्रुपवर उत्तरांची जुळवाजुळव सुरू होते. गेलेल्या पेपरचा एक गुणही त्याने वाढत नाही, आणि पुढच्या विषयाचा पहिला दिवस जातो. म्हणून पेपरच्या दिवशी दुपारची आणि संध्याकाळची खिडकी बंदच ठेवावी आणि थेट रात्री ग्रुप बघावा. आदल्या रात्रीचा धोका याहून गंभीर आहे. 'उद्याचा पेपर' म्हणून पीडीएफ फिरतात. त्यातले बहुतेक खोटे असतात, पण खरे असले तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. मार्च २०२३ मध्ये बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा परिसरातून व्हॉट्सअॅपवर पसरली तेव्हा गुन्हा नोंदवला गेला आणि अटकही झाली. असं काही ग्रुपवर आलं तर पुढे पाठवायचं नाही, अॅडमिनने ते सगळ्यांसाठी डिलीट करायचं आणि शिक्षकांना कळवायचं. 'Storage and data' मधलं मीडियाचं आपोआप डाउनलोड आधीच बंद ठेवलं असेल, तर अशी फाइल न मागता फोनमध्ये येऊन बसत नाही.

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की 'Always' वर ठेवलेलं म्यूट आपणहून सुटत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. Focus चं वेळापत्रकही तसंच चालू राहतं. ज्यांची पुढे सीईटी आहे त्यांनी खिडक्या नव्या वेळेला सरकवाव्यात, कारण सीईटी संगणकावर असते आणि तिच्या सरावाच्या वेळा निराळ्या असतात. बाकीच्यांनी सूचनांचा ग्रुप तेवढा राहू द्यावा. गुणपत्रिका, दाखला आणि प्रवेशाच्या तारखा त्याच ग्रुपवर येणार असतात.